विश्लेषण : म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला हृदयाचा की श्वासनलिकेचा?

पॉमेरेनियन, डॅक्सहुंड, ल्हासा, शित्झू यांसारखे लहान चणीचे कुत्रे दहा वर्षांचे झाले, की अनेक घरांत एकच तक्रार सुरू होते. रात्री कोरडा खोकला येतो, घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज होतो आणि शेवटी उबळ येऊन थोडा फेस पडतो. दवाखान्यात स्टेथोस्कोप लावल्यावर हृदयातून मर्मर, म्हणजे फुसफुस असा जादा आवाज ऐकू येतो. मग पुष्कळदा एक्स-रे न काढताच ‘हृदय कमजोर झाले आहे’ असे सांगून लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली जाते. या घाईला माझा आक्षेप आहे. मर्मर खरा असतो, खोकलाही खरा असतो. पण मर्मर आणि खोकला एकत्र असणे म्हणजे हृदय निकामी होणे नव्हे.

झडपेत नेमके काय बिघडते?

हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यात फुप्फुसांकडून रक्त येते आणि खालचा कप्पा ते शरीरभर ढकलतो. दोघांच्या मध्ये मायट्रल झडप असते. लहान जातींत वयानुसार या झडपेच्या पाकळ्या जाड आणि गाठाळ होतात, नीट मिटत नाहीत. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे वरच्या कप्प्यात जाते. मर्मर म्हणजे या उलट्या धारेचा आवाज. त्याची प्रत १ ते ६ अशी मोजतात.

ही गळती अनेक कुत्रे वर्षानुवर्षे सहन करतात आणि शेवटी दुसऱ्याच कारणाने जातात. काहींमध्ये मात्र वरचा कप्पा फुगत जातो. एका टप्प्यावर मागचा दाब फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि तिथे पाणी झिरपू लागते. यालाच हृदय निकामी होणे म्हणायचे. लघवीच्या गोळीचे खरे काम इथून सुरू होते.

मग खोकला कशाचा?

पॉमेरेनियनसारख्या जातींत श्वासनलिकेच्या कुर्च्या सैल पडून ती चपटी होण्याचा विकार सर्रास आढळतो. पट्टा ओढला, कुत्रा आनंदाने उड्या मारू लागला किंवा पाणी प्यायला, की बदकासारखा कर्कश खोकला येतो. जोडीला जुनाट ब्राँकायटिस असू शकतो. तिसरे कारण हृदयाशी संबंधित आहे, पण पाण्याशी नाही. फुगलेला वरचा कप्पा त्याच्या अगदी वर असलेल्या डाव्या श्वसननळीला दाबतो. नळी आधीच मऊ पडलेली असेल तर तेवढ्याने खोकला सुरू होतो. या तिन्ही प्रकारांत फुप्फुसे कोरडीच असतात, म्हणून लघवीच्या गोळीने काढण्यासारखे पाणीच तिथे नसते. ती विनाकारण दिली तर कुत्रा सतत पाणी पितो, घरात लघवी करतो, शरीर कोरडे पडते आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. खोकला मुळातच कमी-जास्त होत असतो, त्यामुळे गोळीने गुण आल्याचा भासही होतो.

फुप्फुसांत पाणी साठल्याची जास्त भरवशाची खूण म्हणजे श्वासाची गती, आणि ती घरीच मोजता येते. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास धरायचा. ३० सेकंद मोजून दुप्पट करायची. तो धापा टाकत असेल, स्वप्नात पाय हलवत असेल किंवा मे महिन्याच्या दुपारी पंख्याविना पडला असेल, तर तो आकडा धरू नये. झोपेतली गती मिनिटाला ३० च्या खाली असायला हवी. ती वर गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजल्यावरही तितकीच राहिली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, खोकला असो वा नसो.

एक उदाहरण

समजा, अकरा वर्षांचा, ५ किलोचा पॉमेरेनियन आहे. महिनाभर खोकला, मर्मर ४ प्रतीचा, झोपेतला श्वास मिनिटाला २२. एक्स-रेमध्ये फुप्फुसे स्वच्छ आहेत, पण हृदय मोठे दिसते. हृदयाची लांबी आणि रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापात मोजून बेरीज करतात. ती साधारण साडेदहापर्यंत चालते, याची ११.६ भरली. टूडी एकोत वरचा डावा कप्पा शेजारच्या महाधमनीच्या १.८ पट निघाला (१.६ पासून पुढे तो मोठा मानतात) आणि खालचा कप्पाही वजनाच्या मानाने मोठा आहे.

या अवस्थेला पशुवैद्यक ‘बी-२’ म्हणतात : हृदय मोठे झाले आहे, पण निकामी नाही. ‘बी-१’ मध्ये मर्मर असतो, हृदय मोठे नसते आणि झडपेसाठी कोणतेही औषध लागत नाही. बी-२ मध्ये पिमोबेंडान सुरू करतात. हे औषध हृदयाचे आकुंचन जोरकस करते आणि रक्तवाहिन्या सैल करते. त्यामुळे रक्ताला पुढे जाणे सोपे होते. झडप मात्र ते दुरुस्त करत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ या ३६० कुत्र्यांवरील चाचणीत, बी-२ अवस्थेतच हे औषध सुरू केल्याने हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सुमारे १५ महिने पुढे गेली. दहा-अकरा वर्षांच्या प्राण्यासाठी सव्वा वर्ष ही मोठी मुदत आहे. एक्स-रे टाळला, तर नेमकी हीच संधी हुकते. नको असलेले औषध पोटात जाते आणि हवे असलेले सुरूच होत नाही.

आपल्या ५ किलोच्या कुत्र्याला साधारण सव्वा मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, शक्यतो जेवणाआधी तासभर, इतका डोस पडतो. खोकल्यासाठी गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, वजन कमी करणे आणि गरज पडल्यास खोकला शमवणारे औषध. ते मात्र फुप्फुसे कोरडी असल्याची खात्री झाल्यावरच.

एको सगळीकडे होत नाही आणि स्वस्तही नाही, हे खरे. पण छातीचा एक्स-रे तालुक्याच्या ठिकाणीही बहुधा जमतो आणि मणक्यांचे माप ११.५ किंवा त्याहून जास्त आले तर एकोविना पिमोबेंडान सुरू करणे तज्ज्ञांना मान्य आहे. जातीनुसार हे माप थोडे बदलते, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे वर्षभराने याच कुत्र्याचा झोपेतला श्वास २२ वरून ३८ वर गेला आणि एक्स-रेमध्ये पाणी दिसले, तर फ्युरोसेमाइड लागतेच आणि बहुतेकदा जन्मभर. सुरुवात साधारण १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे माणसांच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर. पिमोबेंडान चालूच राहते, जोडीला बेनाझेप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन येऊ शकते. एक-दोन आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डोस ठरवायचा, आणि श्वास ३० च्या खाली राहील इतकीच, त्याहून जास्त नाही, अशी मात्रा ठेवायची. पाणी प्यायची भांडी या काळात कधीही उचलून ठेवू नयेत. तहान गोळीमुळे लागते आणि ती भागवावीच लागते.