कर्ता आधी, क्रियापद मागोमाग

परभणी जिल्ह्यातून उच्च शिक्षणासाठी दिल्ली-हैदराबादकडे जाणारी आपली मुले इंग्रजी निबंध बहुधा मराठीत योजतात आणि मग शब्दाला शब्द ठेवून उतरवतात. त्यात शब्दसंग्रहापेक्षा वाक्यरचनाच अधिक आड येते, असे आमचे मत आहे. आपल्या सर्वांच्या परिचयाच्या विषयावरचे एक वाक्य घेऊ :

‘विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केलेल्या नामांतराच्या ठरावाची अंमलबजावणी, मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेल्यानंतर, साडेपंधरा वर्षे रखडून १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्ताराच्या रूपाने झाली.’

मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. विद्यार्थी मात्र इंग्रजीत ‘द इम्प्लिमेंटेशन ऑफ द रेझोल्यूशन’ असा आरंभ करतो, मध्ये सगळा इतिहास कोंबतो आणि शेवटी ‘वॉज डन’ लिहितो. कर्ता आणि क्रियापद यांत पंधरा-वीस शब्दांचे अंतर पडले, की वाक्य बिघडले असे समजावे.

असे वाक्य शेवटाकडून वाचावे. ‘झाली’ हे नावापुरते क्रियापद; खरी क्रिया ‘अंमलबजावणी’ या नामात दडली आहे. ती कोणी केली? शासनाने. मग ‘संमत केलेल्या’सारखी विशेषणे सोडवून त्यांची स्वतंत्र वाक्ये करावीत. येथे ‘ने’ हा प्रत्यय वाट दाखवतो. ‘विधिमंडळाने ठराव संमत केला’ यात क्रियापद ठरावाप्रमाणे चालते, म्हणून मुले ठरावालाच कर्ता समजतात. इंग्रजीत मात्र ‘ने’ लागलेला शब्दच पुढे येतो. ‘नंतर’ आणि ‘रखडून’ हे शब्द घटनांचा क्रम सांगतात. तोच क्रम राखून लिहावे :

‘द लेजिस्लेचर पास्ड द रेझोल्यूशन ऑन २७ जुलै १९७८. मॉब्ज अपोज्ड टू इट बर्न्ट दलित होम्स अक्रॉस मराठवाडा. सक्सेसिव्ह गव्हर्नमेंट्स डिलेड द चेंज फॉर फिफ्टीन अँड अ हाफ इयर्स. ऑन १४ जानेवारी १९९४ द गव्हर्नमेंट ॲडेड डॉक्टर आंबेडकर्स नेम टू द युनिव्हर्सिटी.’

(‘रीनेम्ड’ मुद्दाम टाळले आहे; त्या शब्दाने नामांतर आणि नामविस्तार यांतील भेद पुसला जातो.)

मूळ वाक्यात घरे ‘जाळली गेली’ होती आणि ठराव आपोआप ‘रखडला’ होता. इंग्रजीने कर्ता मागताच जाळणारे आणि रखडवणारे दोघेही वाक्याच्या आरंभी येऊन उभे राहिले. या अभ्यासाचे मोल आम्हांस येथे वाटते. मराठी ते लपवते असे नव्हे. ‘जमावांनी घरे जाळली’ हेही मराठीच आहे. पण कर्ता गाळूनही मराठी वाक्य सहज पुरे होते, म्हणून तो गळाल्याचे ध्यानात येत नाही.

एक मर्यादा मात्र पाळावी. कर्ता खरोखरच अज्ञात असेल, तर ‘द हाउस वॉज बर्न्ट’ हेच प्रामाणिक वाक्य होय. व्याकरणासाठी कोणाचे नाव कल्पून घालू नये. ते आधी गावातल्या जुन्या माणसांना विचारावे, पंचनाम्यात शोधावे.