पूर्वेला मशीद, पश्चिमेला अंगण

विज्ञान भाग 2 च्या पेपरला दोन दिवस असताना भाची वही घेऊन आली. म्हणाली, "खाला, चारही अवस्थांची नावं पाठ आहेत, पण पेपरात पूर्वावस्था आणि पश्चावस्था यांची अदलाबदल होते."

होणारच! दोन्ही 'प'ने सुरू होतात, त्यामुळे नुसती पहिली अक्षरं पाठ करून भागत नाही. आम्ही एक वाक्य जुळवलं: 'पूर्वेला मशीद, पश्चिमेला अंगण.' पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. क्रम पक्का झाला. मात्र कोणत्या अवस्थेत काय घडतं, हे वाक्य सांगत नाही. त्यासाठी पेन्सिल हवी.

रुपयाचं नाणं ठेवून चार गोल काढा. गुणसूत्रं फक्त चार घ्या, दोन लांब आणि दोन आखूड. पहिल्या गोलात ती जाड, फुलीसारखी दिसतील, कारण प्रत्येकात दोन जुळे धागे मध्ये बिंदूपाशी जोडलेले असतात. केंद्रकाचं आवरण तुटक रेषेनं काढा, ते विरघळू लागलंय. दुसऱ्या गोलात चारही फुल्या मधोमध एका ओळीत, आणि दोन्ही टोकांकडून तुर्कतंतू येऊन त्यांच्या बिंदूंना जोडलेले. तिसऱ्यात जुळे धागे सुटतात आणि विरुद्ध टोकांकडे ओढले जातात. भाचीची चूक इथेच सापडली. तिनं धाग्यांचे हात पुढे आणि बिंदू मागे काढले होते. दोरी बिंदूला बांधलेली, मग पुढे बिंदूच जाणार ना? हात मागे लोंबतात, म्हणून ते केळीच्या घडासारखे दिसतात. चौथ्या गोलात दोन नवी केंद्रकं, भोवती पुन्हा आवरण.

आता मोजा. प्रत्येक नव्या केंद्रकात चार गुणसूत्रं हवीत, दोन लांब आणि दोन आखूड. दोनच आली तर तुम्ही नकळत अर्धसूत्री विभाजन काढलंत. पेशीद्रव्य त्यानंतर वाटलं जातं, तो वेगळा टप्पा आहे.

पेशीअंगकांसाठी आम्ही दावतीचं स्वयंपाकघर घेतलं. केंद्रक म्हणजे पाककृतीची वही. ती जागेवरच राहते, बाहेर जाते ती नक्कल. रायबोझोम त्या नकलेवरून प्रथिनं बनवतात, म्हणून ते आचारी. आंतर्द्रव्यजालिका ताटं पुढे सरकवणारी, गॉल्गी संकुल डबे भरून, चिठ्ठी लावून पाठवणारं, तंतुकणिका चूल. लयकारिकेला काही जोडायलाच नको, लय करणारी हे तिच्या नावातच आहे. भाचीनं रिक्तिकेला 'कोठार' म्हटलं, तेही चालेल.

हे सगळं रात्री वीस मिनिटांत झालं. सकाळी नाश्त्याआधी तिला पुस्तक न उघडता चारही गोल पुन्हा काढायला लावले. तीन बरोबर आले. मध्यावस्थेत तुर्कतंतू राहिले होते, तेवढंच एक चित्र तिनं परत काढलं.