प्रश्नांची शब्दकळा आणि रसचर्चेतील पुनरागत कल्पना

पदव्युत्तर वर्गांतून जुन्या प्रश्नपत्रिकांचे संकलन करण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. कोणता प्रश्न किती वेळा आला याची मोजदाद केली जाते आणि तिच्या आधारे ‘महत्त्वाचे प्रश्न’ ठरविले जातात. ही मोजदाद बहुधा शब्दांची असते, संकल्पनांची नसते. त्यामुळे एकच विचार वेगळ्या शब्दांत आला की तो नवा वाटतो आणि वेगळा विचार परिचित शब्दांत आला की तो जुना ठरतो. साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील रसनिष्पत्तीच्या प्रश्नाच्या आधारे हा मुद्दा येथे तपासून पाहावयाचा आहे. पुढील प्रश्नरूपे विवेचनाच्या सोयीसाठी रचलेली आहेत. परंतु त्यांची धाटणी कोणाही अध्यापकाच्या ओळखीची आहे.

(१) भरताचे रससूत्र सांगून त्यावरील भाष्यकारांची मते स्पष्ट करा.
(२) रस कोणाच्या ठिकाणी असतो : मूळ पात्राच्या, नटाच्या की प्रेक्षकाच्या? चर्चा करा.
(३) टीप लिहा : साधारणीकरण.
(४) शोकपर्यवसायी नाटक पाहताना प्रेक्षकास आनंद का होतो?
(५) ‘सविकल्प समाधी’ या उपपत्तीचे परीक्षण करा.
(६) करुण रसाचे स्वरूप सोदाहरण विशद करा.

शब्दांवरून वर्गवारी केली तर पहिला, दुसरा आणि सहावा हे प्रश्न ‘रसा’चे ठरतात आणि उरलेले तीन निरनिराळ्या घटकांत जातात. ही वर्गवारी फसवी आहे. ती तपासण्याची एक साधी कसोटी अशी : एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली ठेवून पाहावे आणि त्यातील कोणता भाग काढून टाकला असता दोन्ही उत्तरे कोसळतात, हे शोधावे. तो भाग म्हणजे त्या दोन प्रश्नांमागील समान संकल्पना होय.

या कसोटीने सहावा प्रश्न प्रथम बाजूला पडतो. त्याच्या उत्तरात शोक हा स्थायी भाव, त्याचे विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा निर्देश येतो. निष्पत्तीचा सिद्धान्त एका शब्दानेही न सांगता ते उत्तर पूर्ण होऊ शकते. याउलट चौथ्या प्रश्नात ‘रस’ हा शब्दच नाही, पण भारतीय परंपरेच्या आधाराने त्याचे उत्तर देऊ लागताच साधारणीकरणावाचून पुढे जाता येत नाही.

असे का होते, हे पाहण्यासाठी मूळ वादाकडे वळावयास हवे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसाची निष्पत्ती होते, असे नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत सांगतो. ‘संयोग’ आणि ‘निष्पत्ती’ यांचा नेमका अर्थ सूत्रात उलगडलेला नाही आणि स्थायी भावाचा उल्लेखही त्यात नाही. भाष्यकारांचा वाद या मोकळ्या जागेतून उभा राहिला. भट्ट लोल्लटाने परिपुष्ट झालेला स्थायी भाव म्हणजे रस असे मानून तो मुख्यतः मूळ पात्राच्या ठिकाणी ठेवला. श्रीशंकुकाने प्रेक्षक नटावरून त्याचे अनुमान करतो असे म्हटले आणि त्यासाठी चित्रातील घोड्याचा दाखला दिला. भट्टनायकाने यापुढील अडचण नेमकी ओळखली. भाव परक्याचा मानला तर प्रेक्षक तटस्थ राहील. स्वतःचा मानला तर शोकाने तो प्रत्यक्ष दुःखी होईल. या पेचातून सुटण्यासाठी त्याने भावकत्व व्यापार आणि त्यातून होणारे साधारणीकरण मांडले : भाव ‘माझा’ वा ‘त्याचा’ या संबंधातून मुक्त होतो. अभिनवगुप्ताने भट्टनायकाचे वेगळे व्यापार नाकारले, पण साधारणीकरण ठेवले आणि सहृदयाच्या ठिकाणी असलेल्या वासनांशी त्याची सांगड घातली.

आता दिलेल्या प्रश्नांकडे पुन्हा पाहिले की क्रम स्पष्ट होतो. दुसरा प्रश्न भट्टनायकाची अडचण विचारतो, तिसरा त्याचा तोडगा विचारतो आणि चौथा त्या तोडग्याचा परिणाम. पहिला प्रश्न या सर्वांचा इतिहास विचारतो. चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच पृच्छा आहे : कलेतील भाव कोणाचा?

पाचवा प्रश्न ही पृच्छा मराठीत आणतो. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषणात सविकल्प समाधीची कल्पना मांडली. स्वतःची भूमिका न सोडता वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो आणि या दुहेरी अवस्थेत त्याला आनंद लाभतो, असा तिचा आशय आहे. परिभाषा योगशास्त्राची असली तरी पेच भट्टनायकाचाच आहे. मात्र उत्तर तेच नाही. भट्टनायकाच्या मते ‘स्व’ आणि ‘पर’ हे दोन्ही संबंध गळून पडतात; केळकरांच्या मते दोन्ही एकाच वेळी राहतात. म्हणून तिसरा आणि पाचवा या प्रश्नांची पृच्छा एक मानावी, उत्तरे एक मानू नयेत. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची जी चर्चा आहे, तिच्यावरील प्रश्नही या मालिकेशी जोडता येतात, पण तेथे पृच्छा व्यापक झालेली आहे. कलानुभव जीवनानुभवाशी सलग आहे की स्वायत्त, असे तिचे रूप आहे. अशा प्रश्नाची नोंद ‘तोच प्रश्न’ अशी न करता ‘त्यातून निघालेला प्रश्न’ अशी करावी.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रश्नाची पुनरावृत्ती म्हणजे संकल्पनेचे सामर्थ्य नव्हे. अभ्यासक्रम बदलला नाही म्हणून प्रश्न परत येतो. चार भाष्यकारांची चार मते गुणांत सहज विभागता येतात म्हणूनही तो परत येतो. पहिल्या प्रश्नाची लोकप्रियता बहुतांशी या दुसऱ्या कारणाची आहे, असे मला वाटते. ‘स्पष्ट करा’ हे आज्ञार्थी रूप कायम राहून केवळ नावे बदलत असतील, तर तेथे विचार नव्हे, सोय परत आलेली असते. अभ्यासक्रम बदलूनही आणि परिभाषा बदलूनही जी पृच्छा टिकते, तीच खऱ्या अर्थाने पुनरागत म्हणावी. भावाच्या स्वामित्वाची पृच्छा या निकषाला उतरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रश्नाच्या गृहीतकाची आहे. ‘आनंद का होतो?’ या शब्दयोजनेत आनंद होतोच, हे आधीच मान्य केलेले असते. बाराव्या शतकातील ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी हेच नाकारले होते. सर्व रस सुखात्मक नाहीत. करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे दुःखात्मक आहेत, असे त्यांचे मत आहे. चौथ्या प्रश्नाच्या चौकटीत त्यांना जागाच उरत नाही. ‘आनंद होतो काय?’ असा केवळ एक शब्द बदलला असता, तर त्यांचे मत उत्तराच्या केंद्रस्थानी आले असते.

म्हणून प्रश्नपत्रिकांची नोंद ठेवताना वर्ष, शब्दरूप आणि गुण यांच्या जोडीला आणखी दोन रकाने असावेत : प्रश्नाने काय गृहीत धरले आहे आणि त्या गृहीतकामुळे कोणते मत उत्तराबाहेर राहते. पहिल्या रकान्यावरून आपण विद्यार्थ्यांना काय शिकवीत आलो ते कळेल. दुसऱ्यावरून, रामचंद्र-गुणचंद्रांसारखे पूर्वसूरी आपल्या वर्गांतून कशामुळे अनुपस्थित राहिले, ते कळेल. आणि पुढील प्रश्नपत्रिका काढणाऱ्या अध्यापकाला या दुसऱ्या माहितीचीच अधिक गरज आहे.