मोबाइलवर तक्ता कशाला?

प्रश्नावलीत तक्ता घालायची सवय छापील कागदाच्या काळातली. डावीकडे विधाने, वर सहमतीपासून असहमतीपर्यंतची श्रेणी, आणि प्रत्येक ओळीत एक खूण. तक्त्याचा पक्ष घेणारे म्हणतात की आठ प्रश्न एका पानात उरकतात आणि वेळ वाचतो. वेळ वाचतो हे खरे. पण बहुतेकदा विधान न वाचता एकाच रकान्यात खुणा ओढत गेल्यामुळेच तो वाचतो. शहर बससेवेच्या पाहणीत ‘बस वेळेवर येते’ आणि ‘बस बहुधा उशिरा येते’ या दोन्ही विधानांवर कोणी ‘पूर्ण सहमत’ म्हटले असेल, तर त्याचा वाचलेला वेळ पाहणी करणाऱ्याच्या काय कामाचा?

मोबाइलवर याच्या जोडीला जागेची अडचण येते. साधारण फोनची रुंदी ब्राउझरच्या मापात ३६० पिक्सेलच्या आसपास असते. विधानाला १२० दिले, तर सात रकान्यांना प्रत्येकी जेमतेम ३४ उरतात. बोटाने नेमके दाबता यावे म्हणून अँड्रॉइडच्या सूचना ४८ एकके सुचवतात. शिवाय ‘काही प्रमाणात असहमत’ ही अक्षरे ३४ पिक्सेलांत मावणार कशी? मग तक्ता आडवा सरकवावा लागतो, उजवीकडचे पर्याय पडद्याबाहेर जातात, आणि दिसते त्यातलेच उत्तर निवडले जाते.

‘फोन आडवा धरा’ अशी सूचना देणे हा यावरचा उपाय नव्हे. अनेकांनी पडदा फिरण्याची सोय बंद केलेली असते. फिरलाच तरी उंची घटते आणि खाली सरकताना श्रेणीची शीर्षओळ दिसेनाशी होते.

त्यापेक्षा एका पडद्यावर एकच विधान ठेवावे आणि पाच पर्याय एकाखाली एक, पूर्ण रुंदीच्या बटणांत द्यावेत. ४८ उंचीची पाच बटणे २४० पिक्सेलांत बसतात आणि प्रश्नही वर दिसत राहतो. शून्य ते दहाच्या श्रेणीला मात्र अशा मांडणीत ५२८ लागतात. प्रश्न धरून एवढे साध्या फोनवर एका नजरेत मावत नाही. लांब श्रेणीत बारकावा जास्त मिळतो, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. बस किती वेळा उशिरा येते याबद्दल प्रवाशाच्या मनात सहा आणि सातमधला भेद नसेल, तर आकडे वाढवून तो निर्माण होत नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. जुन्या फेऱ्या तक्त्यावर घेतलेल्या असतील, तर मांडणी बदलताच आकडे सरकतात, आणि तो बदल सेवेतला की प्रश्नावलीतला हे कळत नाही. त्यासाठी एका फेरीत उत्तरदात्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करावेत, एकाला जुना तक्ता आणि दुसऱ्याला सुटे प्रश्न द्यावेत. दोन गटांतला फरक हा मांडणीचा परिणाम मानून जुन्या मालिकेशी सांधा जुळवता येतो. त्याच फेरीत सरळ रेषेत खुणा करणाऱ्यांचे आणि पाहणी अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण फोन व संगणकासाठी वेगवेगळे काढावे.