‘काळजी घ्यावी’ हा उपाय नव्हे

१३ एप्रिल २०२३ च्या रात्री विरारच्या कारगिल नगरमध्ये जयंतीची मिरवणूक संपली होती. माणसं घराकडे परतत होती. तेव्हा गाडीवरची लोखंडी सळई रस्त्यालगतच्या ट्रान्सफॉर्मरला लागली आणि दोघांचा जीव गेला, काही जण जखमी झाले. अशा घटनेनंतर आपण दोन वाक्यं बोलतो, ‘नशीब’ आणि ‘पोरं ऐकत नाहीत’. नशीब मानणारी आपली चळवळ नाही. आणि पोरं ऐकत नाहीत हे ज्याला आधीच ठाऊक असतं, त्याने तेच गृहीत धरून नियोजन करायला हवं. त्या नियोजनाच्या कागदाला धोका-मूल्यांकन म्हणतात. इंग्रजी नावाने तो कंपन्यांत ‘रिस्क असेसमेंट’ म्हणून ओळखला जातो.

कागद साधा असतो. धोका कोणता, तो कोणाला, घडण्याची शक्यता किती, घडलं तर तीव्रता किती, उपाय काय, आणि उपायानंतर उरलेला धोका किती, एवढे रकाने. शक्यतेला १ ते ५ आणि तीव्रतेलाही १ ते ५ गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. परवानगीच्या अर्जासोबत जोडायला म्हणून अनेक मंडळं आता असा तक्ता भरू लागली आहेत. पण उपायाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘सर्वांनी काळजी घ्यावी’, ‘स्वयंसेवकांना सूचना देण्यात येतील’ असंच लिहिलेलं असतं. माझं म्हणणं असं की हा उपाय नाही, ही जबाबदारी गाडीवरच्या पोरावर ढकलणं आहे. अपघात झाला की ‘सूचना दिली होती’ असं म्हणायची ती आगाऊ सोय आहे.

विजेच्या तारेचं एकच उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा तालुक्याच्या गावात जयंतीची मिरवणूक आहे, एक ट्रक आहे आणि त्यावर प्रतिमेची कमान व झेंडे घेतलेली मुलं आहेत.

पहिली चूक धोका लिहिण्यात होते. ‘वीज’ एवढंच लिहिलं तर उपाय सुचत नाही. धोका असा लिहा: ‘गाडीवर उभ्या मुलाच्या हातातला लोखंडी पाइप वरच्या तारेला किंवा ट्रान्सफॉर्मरला लागणे.’ मग मोजता येतं. ट्रकचा तळ जमिनीपासून साधारण १.२ मीटर. त्यावर उभ्या मुलाचा वर केलेला हात आणखी २ मीटरपर्यंत जातो. हातात ३ मीटरचा पाइप. बेरीज ६.२ मीटर. नियमानुसार रस्ता ओलांडणारी घरगुती दाबाची तार किमान ५.८ मीटरवर आणि अकरा हजार व्होल्टची तार किमान ६.१ मीटरवर असायला हवी. म्हणजे महावितरणने नियम तंतोतंत पाळला असला तरी पाइप तारेला लागतोच. वस्तीतल्या लोंबलेल्या तारा आणि खाली बसवलेला ट्रान्सफॉर्मर हे तर पुढचंच. शिवाय अकरा हजाराच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. पुरेसं जवळ गेलं तरी वीज झेप घेते.

आता गुण. एका मार्गावर अशा बारा-पंधरा तारा असतील तर शक्यता ३ पेक्षा कमी धरता येत नाही. तीव्रता ५, कारण माणूस मरतो. गुणाकार १५.

उपाय लिहिताना क्रम पाळायचा. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते पाहायचं, मग अंतर राखता येतं का, आणि सूचना व पहारा सगळ्यात शेवटी. इथे धोका काढता येतो. गाडीवर झेंड्याची काठी किंवा पाइप न्यायचाच नाही, झेंडे कमानीला बांधायचे. कमानीसह गाडीची उंची ४ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. ती निघण्याआधी एकाने टेपने मोजायची आणि आकडा लिहून सही करायची. टपावर किंवा कमानीवर कुणी चढायचं नाही. आणि बांबूने तार वर उचलणारा मुलगा ही जी आपल्याकडची ‘पद्धत’ आहे, ती बंद. ओला बांबूही वीज वाहतो. ज्या तारेखालून गाडी बांबूशिवाय जात नाही, तो मार्ग त्या गाडीचा नाही.

दुसरं, महावितरणच्या उपविभाग कार्यालयाला मार्गाच्या नकाशासह पत्र द्यायचं. लाइनमनने मार्ग चालून खालच्या तारा दाखवाव्यात आणि तिथे ठरल्या वेळेत पुरवठा बंद ठेवावा, अशी मागणी करायची. उंची आपण काठी लावून मोजायची नाही. पोच घ्यायची. पत्र दिलं म्हणजे वीज बंद झाली असं नव्हे. लाइनमनने फोनवर ‘बंद आहे’ म्हटल्याशिवाय गाडी त्या जागेपुढे जाणार नाही, असं लिहायचं. फोन कोण करणार आणि गाडी कोण थांबवणार, त्यांची नावं लिहायची. थांबवणाऱ्याचा शब्द अध्यक्षांच्याही वर असेल, हेही लिहायचं.

तिसरं, मिरवणूक कुठे संपते ते लिहायचं. विरारचा अपघात परतीच्या वाटेवरचा होता. म्हणून विसर्जनाच्या जागीच कमान उतरवायची आणि मगच गाडी परत न्यायची. हीही तक्त्यातली एक ओळ आहे.

एवढं केल्यावर शक्यता ३ वरून १ वर येते. तीव्रता मात्र ५ च राहते, कारण तार लागलीच तर माणूस मरणारच. उपायानंतर १ गुणिले ५, म्हणजे ५. ज्या तक्त्यात ‘सूचना दिल्या’ म्हणून तीव्रता ५ ची २ झाली, तो तक्ता खोटा आहे हे तुम्हाला तिथल्या तिथे ओळखता येईल. गुणाकाराचाही एक सापळा आहे. पाय मुरगळण्याची शक्यता ५ आणि तीव्रता १, तरी उत्तर ५ च येतं. म्हणून तीव्रता ५ असलेली ओळ गुण कमी आले तरी ‘किरकोळ’ म्हणून सोडायची नाही. त्या ओळीला आणीबाणीचा उपाय हवाच. तार गाडीवर पडली तर खालच्यांनी गाडीला हात लावायचा नाही, वरच्यांनी उतरायचं नाही, आणि आधी वीज बंद करून घ्यायची.

कुणी म्हणेल, ही कागदी घोडी आपल्यालाच का? सरकारी कार्यक्रमात कोण विचारतं? विचारायलाच हवं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला राज्य सरकारच्या पुरस्कार सोहळ्यात लाखो माणसं उघड्या मैदानात भर उन्हात बसली आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तिथला पहिला उपाय ओआरएस किंवा रुग्णवाहिका हा नव्हताच, कार्यक्रम संध्याकाळी घेणं हा होता. ‘धोका काढून टाका’ या ओळीचा अर्थ हाच. हा प्रश्न सत्तेला विचारायचा असेल तर आपला तक्ता आधी खरा हवा.

आणि तो तक्ता कुणासोबत बसून लिहायचा हेही ठरवा. टपावर चढणारी मुलं, ड्रायव्हर, जनरेटरवाला, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बाया, यांना बैठकीत बसवा. ‘कोणाला धोका’ या रकान्यात नाव त्यांचं येतं, मग उपायाच्या रकान्यात शब्दही त्यांचा हवा.

जयभीम.