२०४८ आणि स्मूथनेसचे नसते लाड

२०४८ आठवतोय ना? मार्च २०१४ मध्ये गॅब्रिएले चिरुल्लीने काढलेला, ऑफिसात अर्ध्या लोकांची दुपार खाणारा खेळ. चार बाय चारची पाटी, सारखे आकडे एकमेकांवर सरकवायचे, दोन ३२ मिळून ६४. स्वतः खेळून कंटाळलो म्हणून गेल्या वीकेंडला तो खेळणारा प्रोग्राम लिहायला बसलो.

पद्धत एक्सपेक्टिमॅक्सची. आपली पाळी असेल तेव्हा चारपैकी सगळ्यात जास्त गुणांची चाल घ्यायची. नंतर खेळ कुठल्याही रिकाम्या घरात नवा आकडा टाकतो, १० पैकी ९ वेळा २ आणि एकदा ४. तिथे सगळ्या शक्यतांची सरासरी काढायची. सहा घरं रिकामी असतील तर एका फेरीत ४ x १२ = ४८ फांद्या, तीन फेऱ्यांत लाखाच्या वर. म्हणजे कुठेतरी थांबून पाटीला अंदाजाने मार्क द्यावेच लागतात. गंमत सगळी तिथेच आहे.

मी दोन मार्क ठेवले, दोन्ही दंडाचे. शेजारच्या घरांच्या घातांकांतला फरक जितका जास्त तितका दंड, हा स्मूथनेस. (२ चा घातांक १, ६४ चा ६, वगैरे.) ओळीत आकडे एकाच दिशेने उतरत गेले नाहीत तर दंड, ही मोनोटोनिसिटी.

प्रोग्राम सुरू केला आणि साहेब चक्क आत्महत्या करायला लागले! पाटी जरा भरली की मुद्दाम मरणाच्या दिशेने चाल. दोन तास लॉग बघत बसलो. कारण ही एक ओळ:

```
if not moves: return 0
```

समजा, एका चालीने पाटी -३८ वर जाते, पण जिवंत राहते. दुसऱ्या चालीनंतर एकच घर रिकामं उरतं. तिथे २ आला तर खेळ खलास, म्हणजे ०. ४ आला तर -४०. सरासरी ०.९ x ० + ०.१ x (-४०) = -४. झालं, -३८ पेक्षा -४ बरे! ९० टक्के मरणाची चाल गडी आनंदाने घेतो, कारण जगण्याला दंड आहे आणि मरण फुकट. nneonneo या नावाने लिहिणाऱ्याच्या प्रसिद्ध प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीला आधीच २,००,००० मार्क देऊन ठेवलेले आहेत, ते का हे मला त्या रात्री कळलं. सगळ्या जिवंत पाट्या शून्याच्या पुष्कळ वर राहतात.

हे निस्तरलं तरी गडी विचित्रच खेळायचा. समोर दोन ३२ शेजारी शेजारी, आणि हा पठ्ठ्या त्यांना हात लावेना. कागदावर मांडून बघितलं. ओळ आहे ३२, ३२, १६. घातांक ५, ५, ४, फरकांची बेरीज १. डावीकडे सरकवून एकत्र केले की ६४, १६. घातांक ६, ४, फरक २. म्हणजे शहाण्यासारखी चाल केली की दंड दुप्पट! स्मूथनेसच्या नजरेत सगळ्यात सुंदर पाटी कुठली? सोळाही घरांत एकच आकडा असलेली. मग तो कशाला काही एकत्र करेल?

माझं मत विचाराल तर स्मूथनेसला या खेळात उगाच मान मिळालाय. आपल्याला हवं असतं 'एकत्र करता येतील असे शेजारी', आणि आपण मोजतो 'फारसे वेगळे नसलेले शेजारी'. ६४ शेजारी ३२ असणं चांगलं हे खरं, पण त्यात अजून काहीच जुळलेलं नाही. मॅट ओव्हरलानच्या २०१४ च्या मिनीमॅक्स प्रोग्राममध्येसुद्धा मोनोटोनिसिटीचं वजन १ आणि स्मूथनेसचं फक्त ०.१ आहे. nneonneo तर स्मूथनेस घेतच नाही, सरळ जुळणाऱ्या जोड्या आणि रिकामी घरं मोजतो. मीही तेच केलं. ३२, ३२, १६ मध्ये एक जोडी आहे, एकत्र केल्यावर ती जाते पण एक घर मोकळं होतं. आता फक्त मोकळ्या घराचं वजन जोडीपेक्षा कमी नाही ना, एवढं तपासायचं.

मोनोटोनिसिटी मात्र ठेवली, पण सरळ फरकाने नाही. सरळ फरकाने २ आणि ४ उलटे पडले काय, १०२४ आणि २०४८ उलटे पडले काय, दंड सारखाच, १. हा तर अन्यायच. घातांकांचे चौथे घात घेतले की पहिल्याचा दंड १६ - १ = १५, दुसऱ्याचा १४६४१ - १०००० = ४६४१. मिनीमॅक्सला कोण वर कोण खाली एवढंच लागतं, त्यामुळे तिथे मार्क कसेही ताणले तरी, क्रम तोच राहिला तर, चाल बदलत नाही. आपल्याकडे सरासरी असते, म्हणून किती वर, किती खाली हेही मोजलं जातं.

असो. आता मोठे आकडे कोपऱ्यात मुकाट बसतात आणि ३२ ला ३२ भेटला की गडी आढेवेढे घेत नाही. पुढच्या शनिवारी ओळींचे मार्क आधीच टेबलात भरून ठेवणार आहे. ओळी शेवटी ६५,५३६ च, दर वेळी नव्याने कशाला मोजायच्या?