पीएसए वाढला? आधी नमुना कधी दिला ते आठवा

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असून तो हाडांपर्यंत पसरला आहे, असे मे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यांची शेवटची पीएसए चाचणी २०१४ साली झाली होती, हेही त्याच वेळी कळले. ही चाचणी वेळेवर झाली असती तर, असा प्रश्न त्यानंतर जगभर विचारला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनमधून वेगळी बातमी आली. सरसकट सर्व पुरुषांची पीएसए चाचणी करू नये, अशी मसुदा शिफारस तेथील राष्ट्रीय तपासणी समितीने केली. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या ४५ ते ६१ वयोगटातील पुरुषांची मात्र दर दोन वर्षांनी तपासणी करावी, असे समितीने सुचवले.

एकीकडे उशिरा कळल्याची हळहळ आणि दुसरीकडे सरसकट चाचणी नको हा सल्ला. सामान्य वाचकाचा यात गोंधळ होणारच. आपल्याकडे तर प्रोस्टेटसाठी राष्ट्रीय तपासणी मोहीम नाही. तरीही पन्नाशीनंतरच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी अनेकदा न विचारताच केली जाते. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो, त्यात पीएसएचा आकडा ठळक छापलेला असतो आणि घरात कुणाला रात्रभर झोप लागत नाही. अशा वेळी हा आकडा नेमका काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे माहीत असलेले बरे.

ग्रंथीचे प्रथिन, कर्करोगाचे नव्हे

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. निरोगी ग्रंथीतून त्याचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. ग्रंथीची रचना बिघडली की हे प्रमाण वाढते. मग ते बिघडणे कर्करोगाने असो, वयोमानाने ग्रंथी मोठी झाल्यामुळे असो किंवा जंतुसंसर्गामुळे असो. म्हणजे वाढलेला पीएसए ग्रंथीत काहीतरी घडते आहे एवढेच सांगतो. काय घडते आहे ते सांगत नाही.

ढोबळमानाने एका मिलिलीटर रक्तात ४ नॅनोग्रॅमपर्यंतचा पीएसए मर्यादेत धरला जातो, १० च्या पुढचा काळजीचा. ४ ते १० हा संदिग्ध पट्टा. यातल्या बहुतेकांना कर्करोग नसतो, पण काहींना असतो, आणि ते कोण हे केवळ या आकड्यावरून ठरत नाही.

मुक्त पीएसए कशासाठी?

या पट्ट्यातली संदिग्धता कमी करण्यासाठी फ्री-टोटल गुणोत्तर काढले जाते. रक्तातला बहुतेक पीएसए दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटलेला असतो, उरलेला मोकळा फिरतो. ग्रंथी नुसतीच मोठी झाली असेल तर तिच्यातल्या पीएसएचे आतच तुकडे पडतात. असा निष्क्रिय पीएसए कुणाला चिकटत नाही, त्यामुळे मुक्त पीएसएचा वाटा मोठा दिसतो. कर्करोगात पीएसए या प्रक्रियेतून न जाता थेट रक्तात झिरपतो आणि चिकटतो, म्हणून मुक्त वाटा लहान होतो.

अमेरिकेतील सात वैद्यकीय केंद्रांनी ७७३ पुरुषांवर केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. या पुरुषांचे वय ५० ते ७५ होते, पीएसए ४ ते १० दरम्यान होता आणि बोटाने केलेल्या तपासणीत ग्रंथी कडक लागत नव्हती. गुणोत्तर १० टक्क्यांपर्यंत असेल तर कर्करोगाची शक्यता ५६ टक्के निघाली, १० ते १५ टक्क्यांना २८ टक्के आणि २५ टक्क्यांच्या पुढे फक्त ८ टक्के. अनेक लॅब रिपोर्टच्या तळाशी आजही हाच तक्ता छापतात. मात्र तो वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, आठ टक्के म्हणजे शून्य नव्हे. दुसरी, तक्ता वर सांगितलेल्या पुरुषांसाठीच आहे. ज्याला आत्ताच लघवीचा संसर्ग होऊन गेला, त्याला तो लागू पडत नाही.

एक रिपोर्ट, दोन अर्थ

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. ६३ वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांनी मुलाच्या आग्रहावरून तपासणी केली. एकूण पीएसए आला ७.४, मुक्त पीएसए ०.८. गुणोत्तर जेमतेम ११ टक्के. तक्त्यात बोट ठेवले तर शक्यता २८ टक्के. मुलाने त्याच रात्री बायोप्सी कुठे होते याची चौकशी सुरू केली.

मूत्ररोगतज्ज्ञांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारले, "काका, गेल्या महिना-दोन महिन्यांत ताप, लघवीला जळजळ असं काही झालं होतं का?" झाले होते. नमुना देण्याच्या तीन आठवडे आधी थंडी वाजून ताप आला होता, लघवीला जळजळ होती, आणि दोन दिवस गोळ्या घेतल्यावर बरे वाटले म्हणून त्यांनी औषध सोडून दिले होते. तज्ज्ञांनी लघवीचे कल्चर करायला सांगितले. त्यात जंतू सापडले, औषधांचा पूर्ण क्रम झाला आणि आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिले. आता पीएसए ४.६, मुक्त पीएसए १.२, म्हणजे गुणोत्तर २६ टक्के. बोटाने तपासताना ग्रंथी मऊ लागली. सोनोग्राफीत ती मोठी, सुमारे ४८ मिलिलीटरची दिसली. एवढ्या ग्रंथीला ४.६ हा आकडा जास्त नाही. बायोप्सी न करता सहा महिन्यांनी पुन्हा पीएसए पाहायचे ठरले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, पहिल्या वेळी केवळ पीएसए वाढला नव्हता, गुणोत्तरही घसरले होते. प्रोस्टेटच्या तीव्र संसर्गात मुक्त वाटा कर्करोगासारखाच कमी होऊ शकतो. एकूण आकड्याने फसवले तरी गुणोत्तर खरे सांगेल, हा समज येथे चुकतो. चुकीच्या वेळी घेतलेला नमुना गुणोत्तराने दुरुस्त होत नाही.

उलटेही घडते. दुसऱ्या चाचणीतही पीएसए सातच्या आसपास आणि गुणोत्तर ९-१० टक्केच राहिले असते, तर ‘संसर्गामुळेच असेल’ म्हणून थांबणे धोक्याचे ठरले असते. तेव्हा एमआरआय आणि गरज भासल्यास बायोप्सी हाच योग्य मार्ग होता.

नमुन्याआधी काय टाळावे?

ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने डॉक्टरांना दिलेल्या सूचना यासाठी उपयोगी आहेत. लघवीचा संसर्ग असताना किंवा तो होऊन सहा आठवडे झाले नसताना पीएसए करू नये. प्रोस्टेटची बायोप्सी किंवा मूत्रमार्गात उपकरण घालण्याची प्रक्रिया झाली असेल तरी सहा आठवडे थांबावे. लघवी तुंबून कॅथेटर घालावा लागला असेल, तर त्या दिवसांतल्या पीएसएवरही निष्कर्ष काढू नये.

नमुन्याआधी ४८ तास वीर्यस्खलन टाळावे. ही गोष्ट संकोचामुळे लॅबमध्ये कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. त्याच ४८ तासांत लांबवर सायकल चालवणे आणि जोराचा व्यायामही टाळावा. सायकलच्या परिणामाबाबत अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत, पण दोन दिवस सायकल बाजूला ठेवण्यात नुकसान काही नाही. गुदमार्गातून बोटाने केलेल्या तपासणीने एकूण पीएसए फारसा हलत नाही, मात्र मुक्त पीएसए वाढून गुणोत्तर उगाच चांगले दिसू शकते. म्हणून रक्त आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम सोयीचा.

रक्त काढल्यानंतरही चूक होऊ शकते. मुक्त पीएसए नाजूक असतो. रक्त काही तासांत, शक्यतो तीन तासांच्या आत, फिरवून त्यातला द्रव वेगळा करून थंड ठेवावा लागतो. घरी येऊन सकाळी घेतलेला नमुना दुपारपर्यंत पेटीतच फिरत राहिला, तर एकूण पीएसए साधारण तेवढाच राहतो, मुक्त पीएसए मात्र घटतो. गुणोत्तर खाली येते आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा भयानक दिसतो. गुणोत्तर काढायचे असेल तर लॅबमध्ये जाऊन रक्त देणे उत्तम. दोन्ही मोजमापे एकाच नमुन्यावर, एकाच पद्धतीने व्हायला हवीत. पुनर्तपासणीही त्याच लॅबमध्ये करावी, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

खोटा दिलासा देणारी एक गोष्टही सांगायला हवी. प्रोस्टेट वाढल्यावर दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए साधारण निम्मा होतो. अशा रुग्णाचा ३.१ हा आकडा ६.२ समजून वाचावा लागतो. केस गळण्यावरच्या गोळीतही फिनास्टेराइड असते, म्हणून तीही डॉक्टरांना सांगावी.

पुन्हा चाचणी, पण टाळाटाळ नको

वाढलेला पीएसए पुन्हा मोजला तर तो अनेकदा आपोआप खाली येतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९७२ पुरुषांचे काही वर्षांचे नमुने पाहिले गेले. ज्यांचा पीएसए एकदा मर्यादेबाहेर गेला होता, त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा आकडा पुढच्या एखाद्या चाचणीत मर्यादेत आला. म्हणूनच तपासणीत ग्रंथी कडक लागत नसेल आणि आकडा फार मोठा नसेल, तर काही आठवड्यांनी नमुना पुन्हा देणे ही पहिली पायरी. लक्षणे नसताना केवळ आकडा खाली आणण्यासाठी अँटिबायोटिक घेणे मात्र चुकीचे. आकडा उतरला तरी तो औषधाने उतरला की आपोआप, हे कळत नाही, आणि पुढे बायोप्सी करावी लागली तर औषधाला न जुमानणारे जंतू त्रास देतात.

मग चाचणी करावी की नाही? युरोपातील आठ देशांतल्या १ लाख ६२ हजार पुरुषांच्या अभ्यासाचा २३ वर्षांचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएसए तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण लहान आहे. विनाकारण झालेल्या बायोप्सीतला रक्तस्राव आणि संसर्ग, तसेच कधीच त्रास न देणाऱ्या कर्करोगावर उपचार करून वाट्याला येणारी लघवीची गळती आणि नपुंसकता, हे या फायद्याच्या विरुद्ध पारड्यात पडते.

त्या पारड्यातले सारे वजन आपल्या हातात नाही, पण थोडे नक्की आहे. संसर्गातला, घाईतला किंवा पेटीत तापलेला नमुना टाळला, तर बायोप्सीच्या टेबलावर जाणारे काही जण तरी वाचतील. म्हणून पॅकेजमधल्या यादीत पीएसए दिसला, की रक्त देण्याआधीच गेल्या सहा आठवड्यांत काय घडले ते डॉक्टरांना सांगा. दोन योग्य नमुन्यांत आकडा वाढलेलाच राहिला, तर मात्र पुढच्या तपासणीला उशीर करू नका.